परदेशातली चिल्लर: काउंटरवाल्याचं काय चुकलं?

संपादक महोदय,

परदेश फिरून आलेल्या बहुतेकांच्या ड्रॉवरमध्ये एक पिशवी असते, उरलेल्या नाण्यांची. माझ्याकडे पण होती, युरोची, आणि ती घेऊन मी मनी एक्स्चेंजच्या काउंटरवर गेलो तर तिथल्या माणसाने पिशवीला हातही लावला नाही. "कॉइन्स घेत नाही आम्ही," एवढंच म्हणाला. मी चिडलो, खोटं कशाला बोलू, पैसे खरे आहेत मग नाही कसं म्हणता! पण घरी येऊन किचनमधल्या वजनकाट्यावर नाणी ठेवली आणि राग बराच उतरला.

२ युरोची ६, १ युरोची ५, ५० सेंटची ४, २० ची ७ आणि १० ची ६, म्हणजे २८ नाणी आणि बरोब्बर २१ युरो. वजन साधारण १८४ ग्रॅम. आणि २० युरोची एक नोट? जेमतेम ग्रॅमभर. आता त्या काउंटरवाल्याच्या बाजूने बघा, त्याने घेतलेलं चलन एकतर त्या देशात जाणाऱ्या दुसऱ्या कोणालातरी विकायचं, नाहीतर मोठ्या डीलरकडे आणि तिथून पुढे परत त्या देशात पाठवायचं, तर नाणी मागणारा प्रवासी कोण भेटणार, आणि परत पाठवायची म्हटलं तर वर्गवारी, मोजणी, विमानाचं भाडं, इन्शुरन्स, हे सगळं नाण्याच्या किमतीच्या वर जातं. १ युरोचं नाणं साडेसात ग्रॅमचं, म्हणजे हजार युरोची अशी नाणी साडेसात किलो, आणि तेवढेच पैसे शंभराच्या फक्त १० नोटांत मावतात. म्हणून तो नाही म्हणतो.

छोट्या नोटांचं दुखणं थोडं वेगळं. ५ ची नोट खरी की खोटी तपासायला, मोजायला, नोंदवायला जेवढा वेळ लागतो तेवढाच १०० च्या नोटेला लागतो, कमाई मात्र विसावा हिस्सा. त्यामुळे कुठे घेतच नाहीत, कुठे रेट पाडून देतात, आणि कुठे घेतात पण मिनिमम चार्ज असा लावतात की हातात काय उरलं ते विचारू नका. त्यात नोट फाटकी, लिहिलेली किंवा जुन्या डिझाइनची असेल तर संपलंच.

तर माझं म्हणणं एवढंच की नाणी ज्या देशाची त्याच देशात संपवायची, आणि ते काम एअरपोर्टवर नाही, आदल्या संध्याकाळी करायचं. बेडवर सगळी चिल्लर ओतून मोजा, मग हॉटेलचं बिल देताना काउंटरवर सरळ सांगा की एवढी रक्कम कॅश घ्या आणि बाकीची कार्डवर. माझे २१ युरो असेच गेले असते, पण मला हे सुचलं घरी आल्यावर! बऱ्याच दुकानांतही असं अर्धं कॅश अर्धं कार्ड चालतं, फक्त आधी विचारायचं, कार्ड स्वाइप झाल्यावर नाही. एक मर्यादा मात्र आहे, युरोच्या देशांत एका पेमेंटला ५० च्या वर नाणी घ्यायची सक्ती दुकानदारावर नाही, जपानमध्ये एकाच किमतीची २० च्या वर नाही. घेतली तर त्याची मर्जी. मेट्रोच्या कार्डात चिल्लर भरायचा सल्ला पण मिळतो, पण परत जायचं नसेल तर पैसे पिशवीतून निघून कार्डात अडकले, दुसरं काय.

तरीही उरलीच तर ठेवायची का? ते चलनावर आहे. युरोचं नाणं कुठल्याही युरो देशात चालतं, मागच्या बाजूचं चित्र कुठल्याही देशाचं असो, त्यामुळे पुढच्या ट्रिपला बिनधास्त न्या. ब्रिटनचं तसं नाही, तिथलं जुनं गोल एक पाउंडचं नाणं १५ ऑक्टोबर २०१७ नंतर दुकानात चालत नाही, आणि कागदाच्या २० आणि ५० पाउंडच्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर बाद झाल्या. नोटा निदान बँक ऑफ इंग्लंड अजून बदलून देते, मुदत नाही. क्रोएशियाने १ जानेवारी २०२३ ला युरो घेतला तेव्हा तिथल्या सेंट्रल बँकेने जुन्या चलनाच्या, म्हणजे कुनाच्या, नोटा बदलायला मुदतच ठेवली नाही, पण नाण्यांना ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतच. म्हणजे ज्यांच्या ड्रॉवरमध्ये कुनाची नाणी आहेत ती आता फक्त मुलांना दाखवायला.

आणि पुन्हा जायचंच नसेल तर काही विमानांत युनिसेफच्या 'चेंज फॉर गुड'चं पाकीट फिरवतात, १९८७ पासून चालू आहे, कुठल्याही देशाची नाणी टाका. मी झोपलो होतो तेव्हा ते पाकीट पुढे निघून गेलं, बायको म्हणते तिने मला कोपराने ढोसलं होतं.

आपला,
एक नियमित वाचक