जुनी बिलं, नोटिसा आणि दुपारचा एक तास द्या : दत्तवाडीतल्या आमच्या साक्षरता वर्गासाठी आवाहन

नमस्कार. आमच्या महिला मंडळातर्फे दत्तवाडीच्या समाजमंदिरात सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी दुपारी तीन ते चार साक्षरता वर्ग भरतो. सध्या चौदा जणी येतात. बहुतेकींची धुणीभांडी, स्वयंपाकाची कामं आहेत. सकाळची घरं आटोपून आणि संध्याकाळची सुरू व्हायच्या आधी मधला हा एकच तास त्यांच्या हातात असतो.

सुरुवातीला आम्ही पाटीवर 'अ' गिरवण्यापासून शिकवत होतो. तीन आठवड्यांत निम्म्या जणी यायच्या थांबल्या. नंतर एक ताई घडी घातलेला कागद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मला हे वाचायला शिकवा, बाकीचं राहू द्या." ते विजेचं बिल होतं. त्या दिवसापासून आमचं पाठ्यपुस्तक म्हणजे घरात आणि गल्लीत येणारा कागद. दर कागदाला आम्ही दोन आठवडे देतो.

आमचा सगळ्यात चांगला बसलेला धडा पाणी बंदच्या नोटिशीचा आहे. महापालिकेची ही सूचना पुणेकरांना पाठ आहे : गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहील, शुक्रवारी सकाळी उशिरा कमी दाबाने पाणीपुरवठा होईल. खाली भागांची स्वल्पविरामांनी जोडलेली लांबलचक यादी. ही नोटीस कुणी वाचून दाखवली नाही तर गुरुवारी हंडे रिकामे, आणि शुक्रवारी नळाला धार नाही म्हणून कामाला उशीर.

पहिल्या दिवशी आम्ही नोटीस मोठ्याने वाचतो आणि एवढंच विचारतो : पाणी कधी नाही? मग 'गुरुवार' शोधायचा, बोट ठेवायचं, गोल करायचा. खाली 'शुक्रवार' सापडतो आणि दोन्हींच्या शेवटी तेच 'वार' दिसतं. 'वार' ओळखता आला की सोमवारपासून रविवारपर्यंत सात शब्दांचं शेपूट हाती येतं, मग प्रत्येकाचं फक्त तोंड शिकायचं उरतं. व, काना, र ही अक्षरं अशी कामातून येतात. जोडाक्षरं आम्ही पहिल्या आठवड्यात फोडतच नाही. 'शुक्र' हे एक चित्र म्हणून ओळखलं तरी चालतं.

दुसऱ्या दिवशी यादी. इथे खरी अडचण आहे. यादी सगळी वाचायची नसते, आपलं नाव शोधायचं असतं, आणि हे वेगळं शिकवावं लागतं. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, मुकुंदनगर, सहकारनगर : 'नगर' दिसलं की नजर तिथेच थांबते. दत्तवाडी आणि बिबवेवाडीचंही तेच, आणि धनकवडीत काना नाही हे तर आमच्याही लक्षात कधी आलं नव्हतं. म्हणून स्वल्पविराम दिसला की बोट उचलायचं आणि पुढच्या नावाचं पहिलं अक्षर पाहायचं, अशी सवय लावतो. आपल्या भागाबरोबर कामाची घरं जिथे आहेत तो भागही शोधायचा. तिकडे पाणी नसेल तर भांडी कशात घासायची, हा प्रश्न त्यांचाच असतो.

पुढे एक फसगत होते. दोन दिवसांत नोटीस तोंडपाठ होते आणि बाई कागदाकडे न बघता घडाघडा म्हणते. आपण खूश होतो, पण ते वाचन नसतं. म्हणून तिसऱ्या दिवशी आम्ही दुसरी नोटीस देतो, जिच्यात दत्तवाडी नाहीच. पाठ केलेली बाई लगेच म्हणते, "आपल्याकडे बंद." वाचणारी शेवटपर्यंत बोट फिरवते, पुन्हा वर जाते आणि जरा घाबरत म्हणते, "ताई, आपलं नावच नाही यात." गेल्या वेळी चौदापैकी नऊ जणींनी हे सांगितलं. उरलेल्या पाचजणींसाठी तोच धडा वेगळ्या नोटिशीवर पुन्हा घेतला.

या परीक्षेसाठी खऱ्या, वेगवेगळ्या नोटिसा लागतात आणि त्याच आमच्याकडे कमी पडतात. वर्तमानपत्रात आलेली पाणी बंदची सूचना, सोसायटीच्या फलकावरची जुनी नोटीस, लसीकरणाचं पत्रक, काही असेल तर फेकू नका, आम्हाला द्या. आपल्या भागाचं नाव नसलेली तर हवीच आहे.

विजेची जुनी बिलंही हवीत. नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक आणि मोबाइल नंबर काळ्या शाईने पूर्ण खोडून द्या. तारखा आणि रक्कम मात्र राहू द्या, कारण धडा त्यांच्यावरच आहे. बिलावर 'देयक दिनांक' आणि 'देय दिनांक' अशा दोन तारखा असतात. पहिली बिल काढल्याची, दुसरी पैसे भरायच्या शेवटच्या दिवसाची. फरक एका 'क'चा. बिल घेऊन आलेल्या त्या ताईंनी पहिलीच तारीख शेवटची समजून, ती उलटून गेली म्हणून घाबरून, कामाच्या घरून ९०० रुपये उचल घेतली होती. प्रत्यक्षात भरायला अजून बारा दिवस होते. आता त्या 'क' असलेल्या तारखेवर काट मारतात आणि दुसरीभोवती लाल गोल करून बिल भिंतीला लावतात.

पैशांचा हिशेब असा. बिलाचा छापा बारीक असतो, म्हणून आधी ए-३ कागदावर मोठी झेरॉक्स, मग मधल्या आकाराची, शेवटी खऱ्या मापाची, असं आम्ही जातो. एका कागदामागे साधारण २१० रुपये लागतात. पुढच्या चार महिन्यांत आठ कागद घ्यायचे आहेत, म्हणजे १६८० रुपये.

दुसरा खर्च चष्म्यांचा. चाळिशी ओलांडलेल्या काही जणी "माझ्या डोक्यात शिरत नाही" म्हणून रडकुंडीला येत. त्या कागद हात लांब करून धरतात हे आम्हाला फार उशिरा दिसलं. सहा जणींना जवळचं दिसत नाही. एका चष्म्याला २५० प्रमाणे १५०० रुपये हवेत. कुणी चष्मेवाले नंबर मोफत तपासून देणार असतील तर वर्गाच्या वेळी आलात तरी चालेल.

माणसंही हवीत, आठवड्यातून एक दुपार देणारी दोघं-तिघं. शिकवायचा अनुभव नसला तरी चालेल. एकच अट आहे : बाई शब्दाशी अडली की तो पटकन सांगायचा नाही. मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक वेळा सातव्या-आठव्या आकड्याला तिचा तिलाच सापडतो.

आणि ज्यांच्या घरी या मावशी कामाला येतात त्यांना वेगळी विनंती. निरोप फोनवर बोलून पाठवण्याऐवजी आठवड्यातून एकदा तरी कागदावर, सुट्या मोठ्या अक्षरांत लिहा. 'उद्या पाहुणे आहेत. लवकर या.' एवढाच. तो कागद त्या वर्गात घेऊन येतात आणि सगळ्याजणी मिळून वाचतात. या तीन दिवशी तीनच्या आत त्यांना मोकळं करता आलं तर आणखी बरं.

कागद, बिलं वर्गाच्या दिवशी पावणेतीनपासून समाजमंदिरात स्वीकारतो. रोख रक्कम दिलीत तर मंडळाची पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. त्या पावतीवरची तारीख आणि रक्कम आता आमच्या वर्गातल्याच एक ताई लिहितात, त्यामुळे दोन मिनिटं थांबायची तयारी ठेवा.

आपल्या,
महिला मंडळाच्या कार्यकर्त्या, दत्तवाडी, पुणे