आजीच्या खोलीतला बॉक्स मी बंद केला

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

काल पुण्याला पोचल्यावर फोन केला तेव्हा बाबा नीट बोलले नाहीत. आई, तू म्हणालीस, "अगं, झोपले असतील." साडेसातला बाबा झोपत नाहीत हे मला माहीत आहे. म्हणून हे लिहिते आहे. फोनवर माझं अर्धं बोलणं राहून जातं आणि मग आवाज चढतो.

बाबा, खात्यातून आपोआप जाणाऱ्या वर्गण्या आणि रिचार्ज मी तपासले, म्हणून तुमच्या हिशेबावर अविश्वास दाखवला असं नाही. प्रेसमधल्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत एक कागद इकडचा तिकडे होऊ न देणारा माणूस तुम्ही. तुमच्या वहीत दूध, पेपर, इस्त्री, सिलिंडर, सगळं तारखेनिशी आहे. पण वहीत तुम्ही हातातून दिलेले पैसे येतात. वर्गण्यांचे पैसे कुणी हातातून दिलेच नाहीत, ते खात्यातून परस्पर गेले. असे किती जातात, हे शनिवारी मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "महिन्याला बाराशे-पंधराशे जात असतील." म्हणजे वर्षाचे जास्तीत जास्त अठरा हजार. निघाले ३१,७९७. यात विमा धरलेला नाही, पेपर आणि सावाना वाचनालयाची वर्गणीही नाही.

फरक कुठे पडला ते सांगते. तुम्ही बघत होतात ते तीन महिन्यांचं स्टेटमेंट होतं. मी १ एप्रिल ते ३१ मार्च असं अख्खं वर्ष काढलं, कारण काही रकमा वर्षातून एकदाच जातात. योगासनांच्या त्या ॲपचे १,४९९ जूनमध्ये गेलेत. मार्चमध्ये बसून मागचे तीन महिने चाळले तर ते दिसणारच नाहीत, आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा जातील. दुसरी गोष्ट मोबाइलची. २९९चं रिचार्ज आपण "महिन्याचं" म्हणतो, पण ते २८ दिवसांचं असतं. वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज होतात. ३,८८७ रुपये एका फोनचे, आणि आपल्याकडे फोन दोन.

स्टेटमेंटवर ओळखीचं नाव नव्हतं तिथे मी आईच्या फोनमधले मेसेज तारखेनुसार लावले. असे पैसे आपोआप कापायचे असतील तर निदान २४ तास आधी कळवावं लागतं, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यामुळे तेही मेसेज सापडले, न वाचलेले. आई, यात तुझं काही चुकलं नाही. दिवसाला चाळीस जाहिराती येतात, त्यात हा एक कुणाला दिसणार? त्यातूनच ते दरमहा ९९ कळले. तुझा जुना फोन गोदाघाटावर पडून फुटला होता ना, त्या फोनच्या संरक्षणाचा प्लॅन. फोन भंगारात गेला आणि वर्षाचे १,१८८ चालूच राहिले.

आणि ते दरमहा १४९ माझे. मीच सुरू करून दिलं होतं, आईला ती मालिका बघायची होती म्हणून. गणपतीत तुमच्या फोनवरून ते ॲप मीच काढून टाकलं आणि समजले की संपलं. ॲप काढलं म्हणजे वर्गणी थांबत नाही, हे तेव्हा मला कळायला हवं होतं. वर्षाचे १,७८८ माझ्या हलगर्जीपणाने गेले याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता हे नीट थांबवलं आहे. आधी त्या त्या सेवेच्या खात्यात जाऊन वर्गणी रद्द केली, तिथल्या पानाचा फोटो ठेवला, आणि मग तुमच्या यूपीआय ॲपमध्ये AutoPay उघडून तिथली परवानगीही काढली. नुसती परवानगी काढली तर पैसे जायचे थांबतात, पण समोरच्याच्या दप्तरी आपण ग्राहकच राहतो.

आई, तुझ्या फोनचं रिचार्ज बदललं आहे, घाबरू नकोस. घरी वायफाय आहे, बाहेर तू फक्त बोलतेस. ट्रायने डिसेंबर २०२४मध्ये कंपन्यांना नुसत्या बोलण्या-एसएमएसचे पॅक ठेवायला लावले, त्यातला वर्षाचा १,८४९चा घेतला. घरी व्हिडिओ कॉल पूर्वीसारखाच लागेल. बाहेर व्हॉट्सॲप चालणार नाही एवढंच. रिक्षात बसल्यावर मला मेसेज न करता सरळ फोन कर.

गूगलवरच्या फोटोंच्या जागेचे दरमहा १३० मात्र मी बंद केले नाहीत. ते थांबवले तर फुकटच्या १५ जीबीवर येऊ, आणि आपले फोटो त्याच्या कितीतरी वर गेलेत. मेलही त्याच जागेत येतात, जागा भरली की मेल येणंच थांबतं, म्हणजे बँकेचं स्टेटमेंटही नाही. ते वर्षाचे १,३०० एकदम भरले, २६० वाचले.

राहिला आजीच्या खोलीतला टीव्हीचा बॉक्स. मला माहीत आहे, बाबा, तुम्ही त्याच्यामुळेच गप्प आहात. दरमहा २१० म्हणजे वर्षाचे २,५२०, पण पैशासाठी मी तो बंद केला असं समजू नका. संध्याकाळी तुम्ही त्या खोलीत जाऊन टीव्ही लावता आणि समोर बसत नाही, हे आईने मला सांगितलं. मी लहान असताना आजीच्या मांडीवर डोकं ठेवून त्याच खोलीत झोपायचे, आवाज चालू असला तरच. तुम्हाला न विचारता मी हात लावायला नको होता. बॉक्स, रिमोट, आजीची खुर्ची, सगळं जागेवर आहे. तुम्ही एकदा म्हणा, मी इथून पाच मिनिटांत पुन्हा सुरू करते, आणि त्यावर परत कधी बोलणार नाही.

बॉक्स धरून एकूण ९,२९३ कमी झाले. तलावाचे ४,८०० मी तसेच ठेवले आहेत. गुडघ्यामुळे फेब्रुवारीपासून जाणं झालं नाही, पण डॉक्टरांनी पोहायला नाही म्हटलेलं नाही. पुढच्या तपासणीत त्यांना विचारा आणि मगच ठरवा. सावाना सोडायचा तर प्रश्नच नाही. १८४०पासून चालू असलेल्या वाचनालयाचं सभासदत्व आपल्या घरातून जाऊ द्यायचं नाही.

आता ऐका. AutoPayच्या त्याच यादीत आरोग्य विम्याचा हप्ता आहे, त्याला दोघांपैकी कुणीही हात लावायचा नाही. तो चुकून बंद पडला आणि मुदत टळली तर जुन्या आजारांसाठी मोजलेली वर्षं वाया जातात, आणि बाबांच्या वयात नवी पॉलिसी सहज मिळत नाही. मेअखेरीस आईच्या खात्यातून २० रुपये जातील, ते अपघात विम्याचे आहेत, जाऊ द्यायचे. "पैसे परत मिळतील" म्हणून कुणाचा फोन आला तर ओटीपी सांगायचा नाही, आधी मला फोन. आणि बाबा, वहीत मागच्या पानावर "आपोआप जाणारे" असा एक रकाना आखा. तारीख, रक्कम, किती दिवसांनी. तुमच्या अक्षरात असलं की मलाही बरं वाटेल.

आई, बाबांना गुडघ्याला शेक द्यायला विसरू नकोस. रविवारी साडेसातला फोन करते. बाबा, तेव्हा जागे राहा.

तुमची,
मनी