नोट्स शेअर करा, पण तयार उत्तरं नको (सगळ्यांनी वाचा)

ग्रुपवर परवापासून जो गोंधळ चालूय त्याबद्दल. ज्या मुलीनं इन्व्हेंटरीच्या नोट्स हातानं लिहून आपल्याला फोटो टाकले, तिचीच असाइनमेंट कॉपी पकडणाऱ्या चेकरमध्ये 40 टक्के मॅच आली, कारण तिनं सगळ्यात शेवटी सबमिट केली. मूळ कुणी लिहिलं ते चेकरला कळत नाही, आधी अपलोड झालेल्या फाइली त्याच्याकडे साठतात आणि नंतरची फाइल त्यांच्याशी ताडून बघतो, एवढंच.

आता ते 40 कसे आले बघा. फाइल 1200 शब्दांची, त्यात सहा प्रश्नांचा मजकूर जसाच्या तसा 180 शब्द, म्हणजे 15 टक्के तिथंच गेले, ते सगळ्यांचेच येतात, त्याला घाबरायचं कारण नाही. उरलेले 25 म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचं 300 शब्दांचं उत्तर, तेच खरं लफडं. रिपोर्ट उघडला की रंगवलेला भाग दिसतो, नुसता आकडा बघून बोंबलू नका.

आणि 'परंतु'चं 'पण' केलं तरी बाकी ओळ तशीच असली की ती धरली जातेच बे. त्यात बेरजेतली चूक पण सात जणांनी तशीच छापली, सरांनी ती आधी पकडली, चेकर नंतर!

तर इथून पुढं क्वेश्चन बँक खुशाल टाका, उत्तराचे मात्र फक्त मुद्दे आणि फॉर्म्युले टाका. पूर्ण उत्तर सबमिशनची तारीख गेल्यावरच. तिच्या नोट्सचे तारीखवार फोटो ग्रुपमध्येच आहेत, डिलीट करू नका, उद्या सरांना दाखवायचेत.