आईचे ८४ दिवस, बाबांचे २१

तुलूझ, फ्रान्स,
२२ फेब्रुवारी २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट उघडताना बाबा नेहमीसारखं बोट घालून टर्रकन फाडू नका. आत दोन मूळ कागद आहेत, दुसरी प्रत मिळत नाही. निळ्या फायलीतले दोन कागद आधी बाहेर काढून कपाटात ठेवा आणि मग हे पत्र वाचा. वाचून झाल्यावर चिडायचं असेल तर फोनवर चिडा, पण कागद जपा.

तर झालंय असं. बाळंतपण इथेच करायचं आम्ही ठरवलं आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, हे मला कळत नाही असं समजू नका. आत्या काय म्हणेल तेही मला पाठ आहे. पण माहेरी यायचं तर सातव्या महिन्यातच विमानात बसायला हवं, पुढे विमानवाले कुरकुर करतात. म्हणजे जावईबापू इथे एकटे आणि बाळाला पहिल्यांदा बघणार ते फोनवर. इथे त्यांना २८ दिवसांची पितृत्व रजा मिळते, ती त्यांनी बाळाजवळ घालवावी असं मला वाटतं. सहाव्या महिन्यापासूनचा माझा दवाखान्याचा खर्च इथला सरकारी विमा उचलतो आणि घरी सोडल्यावर सुईणबाई घरी येऊन बघून जाते. ही सगळी कारणं खरी आहेत. पण आई, एवढं सगळं असूनही मला तू हवी आहेस. म्हणून तुम्हाला न विचारता मी नगरपालिकेत जाऊन आले.

आपल्याकडे पाहुणा येणार म्हटलं की शेजारून एक गादी आणली की झालं. इथे घरी उतरणाऱ्या परदेशी पाहुण्यासाठी यजमानाला आपल्या नगरपालिकेकडून एक कागद करून घ्यावा लागतो. त्याला 'आतेस्तास्याँ दाकय' म्हणतात. तीन महिन्यांच्या आतल्या मुक्कामासाठी असतो. मी साध्या कागदावर 'माझी आई माझ्याकडे राहणार आहे' असं लिहून सही केली तर ते नुसतं पत्र झालं. हा कागद मात्र पालिकेच्या खिडकीवर स्वतः जाऊन भरायचा आणि महापौरांच्या कार्यालयाने सहीशिक्का मारला की तो खरा. पाहुण्याचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, तो कुठल्या घरात राहणार, कुठल्या तारखेला येणार आणि कुठल्या तारखेला जाणार, सगळं त्यावर असतं. प्रत्येक अर्जाला ३० युरोचं तिकीट लागतं. अर्ज नाकारला तरी ते परत मिळत नाही, त्यामुळे अर्धवट कागद घेऊन जाण्यात अर्थ नसतो.

मी नेलं होतं ते असं: माझं राहण्याचं परवाना कार्ड, भाड्याचा करारनामा, विजेचं बिल, शेवटच्या तीन पगारपावत्या आणि कराची नोटीस. पहिल्याच फेरीला घोडं अडलं ते बिलावर. करारनाम्यावर आमची दोघांची नावं आहेत, पण विजेचं बिल एकट्या जावईबापूंच्या नावावर. यजमान म्हणून अर्ज माझा, तेव्हा पत्त्याचा पुरावाही माझ्या नावाचा हवा, असं खिडकीवरच्या बाईंचं म्हणणं. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. वीज कंपनीला सांगून जोडणीवर माझं नाव चढवलं, तसा दाखला घेतला आणि पुन्हा गेले. करारनामा कितीही जुना चालतो, बिल किंवा दाखला मात्र ताजा लागतो, कारण करारनाम्यावरून घर कोणाचं ते कळतं आणि बिलावरून आज तिथे कोण राहतं ते.

मग घराची चौकशी. क्षेत्रफळ किती, खोल्या किती, राहतात किती जण. आमचं घर ६२ चौरस मीटर, दोन झोपायच्या खोल्या आणि बैठकीची खोली. पाहुण्याला नीट राहता येईल का, एवढंच त्यांना बघायचं असतं. वाटलं तर ते माणूस पाठवून घर पाहू शकतात आणि आपण पाहू दिलं नाही तर जागा योग्य नाही असं धरतात. आमच्याकडे कोणी आलं नाही, पण मी आठवडाभर घर आवरून ठेवलं होतं. आई, तुला खरं वाटणार नाही, गॅसच्या मागची फरशीसुद्धा पुसली.

आता बाबा, जे वाचून तुम्हाला राग येईल ते. त्या अर्जात एक हमी असते. पाहुण्याने स्वतःचा खर्च भागवला नाही तर तो यजमान भागवेल, अशी. मी त्यावर सही केली आहे. तुम्ही आयुष्यात कोणाचे चार पैसे ठेवले नाहीत आणि लेकीच्या हमीवर परदेशात जायचं तुम्हाला आवडणार नाही, हे सही करतानाच मनात आलं होतं. पण ही हमी तुमच्याबद्दल काही बोलत नाही, ती सगळ्यांनाच द्यावी लागते. शिवाय ती असूनही तुमचे पैसे लागणारच आहेत, म्हणजे तुमचा मान शाबूत आहे. हा कागद असला की पाहुण्याने दिवसाला साडेबत्तीस युरो दाखवायचे असतात, हॉटेलात उतरला तर त्याच्या दुप्पट. आईचे ८४ दिवसांचे २७३० युरो होतात, तुमचे २१ दिवसांचे ६८२ आणि वर अर्धा. रोख आणायची नाही. बँकेचं विवरण आणि परदेशात चालणारं कार्ड पुरे. मुदत ठेव मोडून सगळी रक्कम व्हिसाच्या अर्जाच्या आदल्या दिवशी खात्यात टाकू नका. अचानक आलेला पैसा उसना वाटतो. पेन्शन दर महिन्याला जमा होताना दिसते, तीच तुमची खरी साक्ष.

तारखांचं सांगते. आई ५ मेला पोचणार आणि २७ जुलैला निघणार. मेचे २७, जूनचे ३०, जुलैचे २७, असे ८४. पोचण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस मोजतात. १८० दिवसांत ९० च्या वर राहता येत नाही आणि मी ९० पूर्ण मागितले नाहीत, कारण आपल्या घरात गाडी वेळेवर पकडल्याचा इतिहास नाही. बाबा, तुमचा कागद वेगळा केला, ७ जुलै ते २७ जुलै. आजीला एवढे दिवस वहिनीवर टाकून तुम्ही निघणार नाही, हे मला विचारायची गरज नव्हती. तीन आठवडे मात्र दादा सुट्टी काढणार आहे. मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय, त्याला आडून विचारू नका. बारसं तुम्ही आल्यावरच करू, मग बारावा दिवस असो की पन्नासावा.

व्हिसा चिकटवून पासपोर्ट परत आला की लगेच उघडून बघा. त्यावर पासून-पर्यंत अशा दोन तारखा असतात आणि शेजारी मुक्कामाचे दिवस वेगळे लिहिलेले असतात. दोन तारखांमधलं अंतर कधीकधी त्या दिवसांपेक्षा मोठं असतं. राहायचं दिवसांइतकंच. 'तारीख तर पुढची आहे, आठवडाभर आणखी राहते' असं आईने म्हणायचं नाही आणि मी रडले तरी ऐकायचं नाही.

आई, तुला एकटीला पाठवायचं म्हणून बाबा झोपणार नाहीत, मीही नाही. मुंबईला विमानतळावर मदतनीस आणि खुर्ची सांगून ठेवली आहे. चालता येतं म्हणून खुर्ची नाकारू नकोस, खुर्चीबरोबर वाट दाखवणारा माणूस मिळतो. पासपोर्टची तपासणी तुलूझला नाही, पॅरिसला होईल. तिथे मी नसेन. साहेबाने काही विचारलं तर घाबरायचं नाही, निळी फाईल पुढे करायची. वरती हा मूळ कागद, मग परतीचं तिकीट, मग विम्याचा कागद, शेवटी माझ्या फोन नंबरची चिठ्ठी. फाईल हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगेत टाकलीस तर ती बॅग तुझ्या आधी तुलूझला पोचेल आणि तू कागदाविना उभी राहशील. लहानपणी जत्रेला जाताना तू माझ्या फ्रॉकच्या खिशात पत्ता लिहून पिन लावायचीस ना, तशी मी आता तुझ्या पिशवीला पिन लावायला हवी होते.

विमा तुम्ही तिकडूनच काढायचा, अर्जात मी तसंच लिहिलंय. किमान ३०,००० युरोचा, शेंगेन, म्हणजे या एकाच व्हिसावर जाता येतं त्या सगळ्या युरोपीय देशांत चालणारा, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंतचा. पण आधीपासून असलेल्या दुखण्याचा खर्च असले विमे सहसा देत नाहीत. तेव्हा आईची साखर आणि बाबांचं बीपी निघण्यापूर्वी तपासून घ्या, पूर्ण मुक्कामाच्या गोळ्या मूळ वेष्टनात आणा आणि डॉक्टरांकडून औषधाच्या मूळ नावासकट चिठ्ठी लिहून घ्या. दुकानाच्या कागदी पुडीतल्या गोळ्या चालणार नाहीत, बाबा.

एक काम राहिलंय. व्हिसासाठी नातं दाखवायला माझा जन्मदाखला लागेल. नगरपालिकेतल्या जुन्या नोंदीत मुलीचं नाव बहुतेक रिकामं आहे, तेव्हा नाव घातलेला नवा दाखला काढा. त्यावरचं आईचं नाव पासपोर्टसारखंच आहे का, अक्षर न् अक्षर ताडून बघा. माझ्या पासपोर्टवर सासरचं आडनाव आहे, म्हणून लग्नाचा दाखला मी इथून जोडला आहे.

तूप, पेढे, खवा काही आणू नका, दुधाचं इथे येऊ देत नाहीत. आंबेही नाहीत. मे महिन्यात येणाऱ्या आईला हे लिहिताना माझंच पोट तुटतंय. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, डिंक आणि अळीव आणा. लाडू मी इथल्या लोण्याचं तूप कढवून करून घेईन, म्हणजे आई करेल. तुमच्या खोलीत सकाळचं ऊन येतं, लाकडी झडपा लावल्या की दुपारी गार राहते. लिफ्ट आहे. संडासात पाण्याची तोटी बसवून घेतली आहे, तेवढी काळजी करू नका. खुर्चीवर बसून देवपूजा करता येईल अशा उंचीचं फडताळही ठोकलंय.

पाकीट मिळाल्याबरोबर दोन्ही कागदांवरचे पासपोर्ट नंबर तुमच्या पासपोर्टशी जुळवा आणि मला कळवा. बाबांचा आकडा मी तुमच्या हस्ताक्षरावरून लिहिला आहे आणि तुमचा १ आणि ७ सारखाच दिसतो.

तुमची,
चिमी

ता. क. वहिनीला म्हणावं, आजीच्या गोळ्यांचा डबा वारांचा असलेला मी दादाबरोबर पाठवते आहे.