‘मनमोकळं बोला’ छापून झालं, आता तक्रार कशी लिहायची तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला समुपदेशक बाईंचा लेख वाचला. गरीब घरच्या मुलांना कॉलेजात कपड्यावरून, पैशावरून चिडवलं तर त्यांनी काय करावं, तर म्हणे मनमोकळं बोलावं, आत्मविश्वास वाढवावा, छंद जोपासावा. छान. माझ्या भाचीने मनमोकळं बोलून बघितलं, त्याचं काय झालं ते ऐका.

पोरगी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, कॉलेजचं नाव लिहीत नाही. बाप वडापावची गाडी लावतो, फी स्कॉलरशिपवर. आता हे वर्गाला कसं कळलं? तिने सांगितलं नव्हतं. कॉलेजच्या ऑफिसनेच महाडीबीटीचे फॉर्म पेंडिंग असलेल्यांची यादी, नावासकट, स्कीमसकट, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. एकेकाला मेसेज करायला काय होत होतं? पण नाही. तेव्हापासून हिचं नाव पडलं ‘डीबीटी’. डीबीटी आली का, डीबीटीने आज पण तोच कुर्ता घातलाय, डीबीटी कँटीनला चल, अरे हो तुझे पैसे अजून जमा व्हायचेत. मग डिपार्टमेंटच्या हुडीचे 850 रुपये गोळा करायची वेळ आली, हिने नको म्हटलं, तर एका दिवट्याने ग्रुपवर पोल टाकला, ‘डीबीटीला हुडी स्पॉन्सर करायची का?’ एक पर्याय ‘हो’, दुसरा ‘आधी बापाकडून फ्री वडापाव’. दुसऱ्याला 23 मतं. ग्रुपमध्ये एक सर पण होते, त्यांनी बघितलं नाही म्हणे.

हिने एचओडींना अर्ज दिला. त्यातलं वाक्य मला पाठ आहे, ‘वर्गातील काही जण मला माझ्या परिस्थितीवरून टोमणे मारतात, मला खूप त्रास होतो, अभ्यासात लक्ष लागत नाही, तरी योग्य ती कारवाई व्हावी ही विनंती.’ बिचारीने नाव कुणाचं घेतलं नाही, शब्द लिहिला नाही, लाज वाटते ना, बापाच्या गाडीचा विषय कागदावर कसा आणायचा. एचओडी म्हणाले काही जण म्हणजे कोण? टोमणे म्हणजे काय? आणि वर, हे काय रॅगिंग नाही, सगळे एकाच वर्गातले आहेत, थट्टामस्करी चालायचीच. कौन्सिलरकडे पाठवलं. कौन्सिलरने सांगितलं कॉन्फिडन्स वाढव. म्हणजे तुमच्या लेखात आहे तेच, फुकटात.

मी सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर आयुष्य काढलं. तक्रार कशाने मरते ते मला माहितीय. ‘त्रास होतो’ असं लिहिलेल्या अर्जावर ‘समज देण्यात आली’ एवढा शेरा मारून तो फायलीला लावता येतो. ‘अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, अमुकने सर्वांसमोर असं म्हटलं’ यावर काहीतरी उत्तर द्यावंच लागतं. म्हणून पोरीला बसवून अर्ज नव्याने लिहायला लावला. पहिल्याच ओळीत, अमुक तारखेला वर्गाच्या ग्रुपवर अमुक विद्यार्थ्याने असा पोल टाकला, आणि पोलचे शब्द जसेच्या तसे, अवतरणात. ती म्हणाली मामा, बापाचं कशाला, मी म्हटलं तेच मुख्य आहे, ते गाळलंस तर राहिली नुसती हुडी. मग प्रॅक्टिकलच्या दिवशी लॅबमध्ये कोण काय बोललं, कुठली मैत्रीण शेजारी होती (तिला विचारून नाव घातलं, न विचारता घालू नये, नंतर ती फिरली की सगळं पडतं). मग परिणाम, पण ‘मनावर परिणाम झाला’ असं नाही, कुठल्या तारखांची प्रॅक्टिकल्स बुडली ते, कारण स्कॉलरशिपच्या रिन्युअलला हजेरी बघतात. शेवटी काय हवंय ते. यादी ग्रुपवरून काढा, पुन्हा टाकू नका, पोल टाकणाऱ्यावर कारवाई करा. जे स्वतः बघितलं ते वेगळं आणि मैत्रिणीकडून ऐकलं ते वेगळं लिहायचं, एकात एक मिसळलं की समोरचा तेवढंच धरून बसतो.

स्क्रीनशॉट न कापता जोडले, तारीख वेळ दिसेल असे. पोलमध्ये कुणी कशाला मत दिलं ते नावानिशी दिसतं हे त्या हुशार पोरांच्या लक्षात नव्हतं. अर्ज पोचल्याच्या संध्याकाळी पोल डिलीट झाला, स्क्रीनशॉट आधी काढले होते म्हणून निभावलं. अर्ज प्राचार्यांच्या नावे, प्रत अँटी रॅगिंग कमिटीला, आणि आपल्या प्रतीवर शिक्का, सही, आवक नंबर. ऑफिसातला माणूस म्हणाला ठेवून जा, नंतर बघतो. शिक्का मिळेपर्यंत पोरगी तिथेच उभी राहिली.

आता ते ‘रॅगिंग नाही’चं. यूजीसीने 2016 मध्ये नियम दुरुस्त केलेत. त्यात शारीरिक किंवा मानसिक छळ, त्यात चिडवणं आणि वाळीत टाकल्यासारखं वागणंही आलं, तो नवीन विद्यार्थ्याचा असो की इतर कुणाचा, आणि कारणांच्या यादीत जात, धर्म, रंग, दिसणं, भाषा यांच्याबरोबर आर्थिक पार्श्वभूमी हे स्पष्ट लिहिलंय. म्हणजे एकाच वर्गातला असला तरी रॅगिंगच. आणि आपल्या राज्याचा 1999 चा कायदा म्हणतो लेखी तक्रार आली की प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, प्रथमदर्शनी खरं वाटलं तर निलंबन करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची, तथ्य नाही वाटलं तर तसं तक्रारदाराला लेखी कळवायचं. लेखी, तोंडी नाही. आणि प्रमुखाने टाळाटाळ केली तर त्याने रॅगिंगला साथ दिली असं धरतात. अर्जात या दोन्हीचा उल्लेख केला आणि ‘थट्टामस्करी’ हा शब्द कॉलेजातून गायब झाला. शिवाय 1800-180-5522 ही हेल्पलाइन आहे, नुसती वेबसाइटच्या कोपऱ्यात असते.

कमिटी बसली. यादी काढली. पोलवाल्याने माफीनामा दिला. निलंबन वगैरे काही नाही, त्याचे वडील येऊन गेले होते. वर पोरीपुढे कागद सरकवला, ‘आपसात समेट झाला असून तक्रार मागे घेत आहे’. तिने सही केली नाही. आता तथ्य आहे की नाही ते लेखी मागितलंय. सात दिवस केव्हाच उलटले.

तुमच्या बाईंना विनंती की पुढच्या लेखात छंदांची जागा जरा कमी करून हे घ्या. आणि संपादक महोदय, त्याच पुरवणीत मागच्या पानावर ‘फ्रेशर्स पार्टीसाठी बजेट लूक, फक्त 5 हजारांत’ होतं. फक्त! आमच्या मेव्हण्याला तेवढे सुटायला गाडी किती दिवस लावावी लागते ते एकदा येऊन बघा. पाने वेगवेगळी माणसं लावतात हे कळतं मला, पण वाचतं कुणी तरी छापायच्या आधी?

पत्र लांबलंय, कापायचं तर कापा, कायद्याचा परिच्छेद तेवढा ठेवा.

आपला,
एक मामा, सातारा