इंजेक्शनआधी स्कॅन कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी फिजिशियन आहे. अर्धांगवायूच्या रुग्णाचे नातेवाईक मला हमखास विचारतात, ‘एकेक मिनिट मोलाचे आहे म्हणता, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आधी देऊन स्कॅन नंतर का करत नाही?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर घरोघरी माहीत असायला हवे, असे मला कळकळीने वाटते.

बहुतेक रुग्णांत मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते, तर काहींत रक्तवाहिनीच फुटलेली असते. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, जीभ जड होणे ही लक्षणे दोन्हींत दिसतात. डोकेदुखी आणि उलटी रक्तस्रावात अधिक आढळते, पण तेवढ्यावर विसंबता येत नाही. फुटलेल्या जागी साकळलेले रक्तच पुढचा स्राव रोखत असते. तेथे हे औषध दिले, तर तो बांधच वाहून जातो.

गेल्या पावसाळ्यात एका शेतकऱ्याला सकाळी सव्वासहाला घरच्यांनी गोठ्यात पडलेले पाहिले. उजवी बाजू लुळी होती, शब्द फुटत नव्हता. साडेपाचला मात्र त्यांनी पत्नीशी बोलत चहा घेतला होता, म्हणून आम्ही वेळ साडेपाचपासून मोजली. रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला तीच वेळ धरावी लागते. आठ वाजून दहा मिनिटांनी ते आमच्याकडे पोहोचले. साखर तपासली, कारण साखर फार उतरली तरी असेच चित्र दिसते. मग सीटी स्कॅन केला.

स्कॅनमध्ये काहीच दिसले नाही. मुलगा चिडून म्हणाला, ‘डॉक्टर, सगळे नॉर्मल आहे, मग बाबा बोलत का नाहीत?’ ताजा रक्तस्राव सीटीवर लगेच पांढरा दिसतो. गुठळीने झालेली हानी मात्र पहिले काही तास बहुधा दिसत नाही. आम्ही पाहत होतो ते रक्त नाही ना, एवढेच.

रक्तदाब २००/११० होता. तो १८५/११० च्या खाली आणल्यावरच अल्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारे औषध सुरू केले. वजन ६० किलो, म्हणून एकूण ५४ मिलिग्रॅम: दहावा भाग लगेच शिरेत, उरलेले तासाभरात सलाइनमधून. तेव्हा नऊ वाजून पाच मिनिटे झाली होती, म्हणजे हे औषध देण्याच्या साडेचार तासांच्या मुदतीतली पंचावन्न मिनिटेच उरली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला नावाने हाक मारली. सर्वांचे असे होत नाही. उशीर जितका जास्त तितका लाभ घटतो, आणि नीट निवडलेल्या रुग्णांतही काहींना या औषधाने मेंदूत रक्तस्राव होतो.

म्हणून वाचकांना विनंती, की रुग्णाला घरी ॲस्पिरिन देऊ नये, कारण आत रक्तस्राव आहे की गुठळी हे तेव्हा कोणालाच ठाऊक नसते. १०८ ला फोन करून चोवीस तास सीटी सुरू असलेल्या रुग्णालयातच थेट न्यावे, आणि रुग्ण शेवटचा नीट केव्हा बोलला ती वेळ कागदावर लिहून सोबत आणावी.

आपला,
एक फिजिशियन, जि. सातारा