फुकटचं चित्र आणि आमचं बिल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला एआयच्या चित्रांवरचा लेख मी आधी व्हॉट्सॲपवर वाचला आणि मग कागदावर. ‘या चित्रांवर कुणाचाच कॉपीराइट नसतो, तेव्हा छोट्या व्यावसायिकांनी ती जाहिरातीत बिनधास्त वापरावीत’ या वाक्याखाली लाल रेघ मारून आमच्या एका जुन्या ग्राहकानं पानाचा फोटो सकाळीच पाठवला होता. सोबत दोनच शब्द : ‘बिल कसलं?’ आपल्या लेखकमहाशयांचे आभार मानावेत तेवढे थोडेच.

आमचं जाहिराती करून देणारं छोटंसं ऑफिस आहे. हे ग्राहक पैठणीचे दुकानदार, आम्ही त्यांना शेठ म्हणतो. बिलात एक ओळ ‘चित्राचे हक्क, परवाने व कागदपत्रे’ अशी होती. तिच्यावर त्यांनी काट मारली. त्या ओळीमागे काय काम असतं हे लेखात कुठेच नसल्यानं हा पत्रप्रपंच.

दसऱ्याच्या आधी शेठ फोनवर एक चित्र घेऊन आले. वाड्याची ओसरी, मागे तुळशीवृंदावन, जांभळी पैठणी नेसलेली बाई. भाच्यानं बनवलेलं. ‘झक्कास आहे, हेच छापा.’ मी विचारलं, कोणत्या अ‍ॅपवर बनवलं, खातं कुणाच्या नावावर, पैसे भरलेलं की फुकटातलं? शेठ म्हणाले, ‘चित्र आहे हो, सातबारा नाही.’

पण विचारायचं ते तिथूनच. अशा प्रत्येक सेवेच्या अटी असतात आणि चित्र विकता येईल का, ते कुणाचं, हे आधी तिथं ठरतं. मिडजर्नीचंच बघा. ज्या कंपनीचं वार्षिक उत्पन्न दहा लाख डॉलरच्या वर आहे, तिनं प्रो किंवा मेगा योजना घेतली असेल तरच चित्राची मालकी तिला मिळते, असं त्यांच्या अटींत आहे. दहा लाख डॉलर हा आकडा परदेशी वाटतो, पण दोन-तीन शाखा असलेलं साडीचं दुकान तिथवर सहज पोचतं. त्याच सेवेत साध्या योजनेवर काढलेली चित्रं इतरांनाही दिसतात. म्हणजे दिवाळीची जाहिरात पेपरात यायच्या आधी तिचं चित्र जगाला उघडं. भाच्याच्या खात्यावरचं चित्र शेठच्या दुकानाचं कसं झालं, याचा कागद कुठे आहे? तोच कागद आम्ही करतो. कोणतं खातं, कोणती योजना, तारीख, त्या दिवशीच्या अटींची प्रत, दिलेल्या सूचना आणि मूळ फाइल, हे सगळं जपून ठेवतो. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत यात चालत नाही. चित्र कशानं बनलं याची जी नोंद काही कंपन्या फाइलमध्येच घालतात, ती तिथून येताना सहसा गळून पडते.

आता ‘कुणाचाच कॉपीराइट नसतो’ याबद्दल. अमेरिकेत बऱ्याच अंशी तसं आहे. तिथल्या कॉपीराइट कार्यालयानं २०२३ मध्ये एका चित्रकथेच्या बाबतीत असं ठरवलं की मजकूर आणि चित्रांची मांडणी लेखिकेची, पण यंत्रानं काढलेल्या एकेका चित्राला संरक्षण नाही. यंत्रालाच निर्माता म्हणून दाखवलेल्या चित्राची नोंदणी नाकारली, ते मार्च २०२५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानंही उचलून धरलं. आपला कायदा मात्र वेगळा आहे. १९९४ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम २(ड)(सहा) मध्ये संगणकनिर्मित कलाकृतीचा कर्ता म्हणजे ‘ती निर्माण व्हायला जो कारण झाला तो’ असं म्हटलेलं आहे. मग कारण कोण झालं? सूचना टाइप करणारा भाचा? ‘बाई जरा ठसठशीत हवी’ म्हणणारे शेठ? की आमच्या ऑफिसातली मुलगी, जिनं पुढे चित्रावर काम केलं? आजच्या या यंत्रांना हे कलम नेमकं कसं लागू होईल, यावर इथं अजून वाद आहे. २०२० मध्ये आपल्या कॉपीराइट कार्यालयानं एका चित्राचा सहकर्ता म्हणून चक्क एका सॉफ्टवेअरचं नाव नोंदवलं आणि पुढच्याच वर्षी ती नोंदणी मागे घेण्याची नोटीस काढली. कार्यालयच गोंधळलेलं असताना आपल्या लेखकमहाशयांचा आत्मविश्वास वाखाणण्याजोगा आहे.

अशा वेळी शहाणपण एवढंच, की ज्याचा ज्याचा हक्क निघू शकतो त्या प्रत्येकाकडून लेखी, सहीनिशी हस्तांतरण करून घ्यायचं. त्यातही मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. शेठ अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांच्या दिवाळी अंकांना जाहिराती देतात. ‘प्रदेश : संपूर्ण जग’ हे तीन शब्द नसते तर ते मंडळाला काय दाखवणार होते? आणि मी त्यांना हेही साफ सांगितलं की समोरच्या दुकानदारानं नुसती ती बाई उचलली तर त्याला अडवणं अवघड जाईल, पण आपली जाहिरातीची ओळ, आपली मांडणी, आपलं नाव उचललं तर अडवता येईल. म्हणून पैसे बाईवर नको, ओळीवर खर्च करा. हे समजावण्यात अख्खी दुपार गेली. त्याचे पैसे ‘फुकटच्या चित्रात’ धरायचे का?

आता साडीकडे येतो, कारण मला खरा राग तिचाच आहे. चित्र मोठं करून पाहिलं तेव्हा पदरावर मोर होते, पण दोन मोर सारखे नव्हते, एकाची मान दुसऱ्याच्या पिसाऱ्यात विरघळली होती. नारळी काठ कमरेच्या निरीशी आला आणि नाहीसा झाला. बुट्ट्या खांद्यावर मोठ्या, खाली बारीक. असली पैठणी येवल्यातला कुठलाही विणकर विणू शकत नाही, कारण ती साडीच नव्हे. मी शेठना म्हटलं, ही साडी तुमच्या दुकानात नाही, कुणाच्याच दुकानात नाही. ते म्हणाले, ‘खाली बारीक अक्षरात टाका की, चित्र एआयनं बनवलेलं म्हणून. सुटलो.’

सुटत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली वस्तूचं खोटं वर्णन करणारी जाहिरात ही दिशाभूल करणारी जाहिरात. त्यासाठी केंद्रीय प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. आणि २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की खुलाशाची ओळ मूळ दाव्याला जोडून काही उलगडून सांगू शकते, पण फसवा दावा दुरुस्त करू शकत नाही. शिवाय ती दाव्याच्याच भाषेत आणि ठळक जागी हवी, म्हणजे मराठी जाहिरातीखाली मुंगीएवढं इंग्रजी चालणार नाही. नसलेल्या साडीवर ‘चित्र संगणकनिर्मित’ लिहिल्यानं साडी दुकानात येत नाही.

शेवटी तोडगा निघाला तो असा. दुकानातलीच जांभळी पैठणी एका मुलीला नेसवून फोटोग्राफरकडून फोटो काढला, मुलीकडून जाहिरातीत वापरण्याची लेखी परवानगी घेतली, आणि ओसरी, तुळस, दिवे एवढंच यंत्रानं काढलं. खाली मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात : ‘साडीचे छायाचित्र प्रत्यक्ष, पार्श्वभूमी संगणकनिर्मित’. मध्यंतरी शेठनी ‘चेहरा जरा अमुक नटीसारखा करून बघा’ असंही सुचवलं होतं. नामवंतांचा चेहरा-आवाज यंत्रानं उचलण्याविरुद्ध अनिल कपूर यांना दिल्ली उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये आणि अरिजित सिंग यांना मुंबई उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये संरक्षण दिलं आहे, एवढं सांगितल्यावर नटी बारगळली. हीच जाहिरात इन्स्टाग्रामवर टाकताना आम्ही संगणकनिर्मितीची खूणही केली. फेब्रुवारी २०२६ पासून लागू झालेल्या आयटी नियमांत खऱ्या माणसासारख्या किंवा घटनेसारख्या वाटणाऱ्या कृत्रिम चित्रावर ठळक खूण हवी आणि मोठ्या समाजमाध्यमांनी ते टाकणाऱ्याकडून वदवून घ्यायचं, असं आहे. आमचं चित्र त्यात बसतं की नाही यावर शेठशी वाद घालण्यापेक्षा एक टिचकी मारणं स्वस्त पडलं.

तरी भाच्याची हौस दांडगी. त्यानं मूळचं चित्र दुकानाच्या व्हॉट्सॲप यादीवर परस्पर पाठवून दिलंच. कोपरगावहून एक बाई ते फोनवर घेऊन दुकानात आल्या. त्यांना तोच पदर हवा होता, लेकीच्या लग्नासाठी. शेठनी कपाटं उपसली. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘नाही तर दाखवलंत कशाला?’ आणि शेजारच्या दुकानात गेल्या. त्यानंतर शेठनी मला फोन केला आणि माझ्यावरच खेकसले, ‘तुम्ही भाच्याला नीट सांगायला हवं होतं.’ म्हणजे समजावायचंही आम्हीच, आणि समजावण्याचं बिल मात्र नाही.

जाता जाता आपल्याबद्दलही. ती ओसरीची जाहिरात आपल्याच अंकात आली. आपल्या जाहिरात विभागानं ती कॉलमात बसवताना खालची खुलाशाची ओळ कापली. फोन केला तर उत्तर मिळालं, ‘मजकूर तर सगळा आलाय ना!’ दिशाभूल करणारी जाहिरात छापणाऱ्यालाही याच कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. नेहमीच्या धंद्याच्या ओघात छापली असेल तर त्यातून सुटका आहे, पण ती मागे घेण्याचा किंवा बदलण्याचा प्राधिकरणाचा आदेश आधीच माहीत असेल तर तीही नाही. तसा आदेश तुमच्याकडे नसेल, पण ओळ कापल्याचं माहीत नाही असं आता म्हणता येणार नाही, हे पत्र तुमच्या टेबलावर आहे. आणि गेल्या रविवारच्या पुरवणीत पहिल्या पानावर पेरणीचं जे चित्र होतं, त्यातल्या डाव्या बैलाला तीन शिंगं होती. जिथं पूर्वी छायाचित्रकाराचं नाव यायचं, ती जागा कोरी. ते चित्र कशानं काढलं हे वाचकांना सांगायचं नव्हतं, की छायाचित्रकाराचं मानधन वाचवलं हे सांगायचं नव्हतं?

लेखावर खुलासा छापावा, आणि शक्य झाल्यास त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरात. शेठ ते कापून मला पाठवतील अशी आशा नाही, पण मी त्यांना नक्की पाठवीन, बिलासोबत.

कळावे,
आपला वाचक व जाहिरातदार,
नाशिक
(धंद्याचा प्रश्न आहे, कृपया नाव छापू नये.)